गंभीर गैरवर्तनाबद्दल ‘कारणे दाखवा’ नोटीस कशी लिहावी

कर्मचाऱ्याच्या हातून गंभीर गैरवर्तन घडल्याचा संशय आला की ‘कारणे दाखवा’ नोटीस तयार करण्याचे काम बहुधा मनुष्यबळ विभागातील एखाद्या नवख्या अधिकाऱ्याकडे येते, आणि वरिष्ठांचा राग अजून ताजा असतानाच मसुदा मागितला जातो. अशा घाईत लिहिलेल्या नोटिशीत हमखास एकच दोष आढळतो, तो म्हणजे तिच्यात प्रश्न विचारलेला नसून निकाल दिलेला असतो. कर्मचाऱ्याने काय केले हे व्यवस्थापनाने आधीच ठरवले आहे, असे नोटिशीच्या भाषेतून दिसले, तर पुढे कितीही नीट चौकशी केली तरी ती केवळ उपचार होती असा आक्षेप घेता येतो, आणि तो आक्षेप टिकतोही.

सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली ऑरिक्स फिशरीज या कंपनीच्या प्रकरणात हाच मुद्दा स्पष्ट केला. तेथे प्रश्न नोकरीचा नव्हता, निर्यातदाराची नोंदणी रद्द करण्याचा होता. परंतु ‘कारणे दाखवा’ नोटिशीतच आरोप सिद्ध झाल्याची भाषा वापरलेली होती. नोटीस देणाऱ्याचे मन आधीच बंद झालेले असेल तर उत्तर मागण्याला अर्थ उरत नाही, असे म्हणून न्यायालयाने ती नोटीस आणि तिच्यावर आधारलेली कारवाई रद्द ठरवली. नोकरीतील शिस्तभंगाच्या प्रकरणांतही हे तत्त्व तितकेच लागू पडते.

या लेखात एकच काल्पनिक प्रकरण घेऊन त्याची नोटीस पहिल्या टिपणापासून अंतिम मसुद्यापर्यंत कशी घडते, ते पाहू. प्रकरण मुद्दाम असे निवडले आहे की पहिल्या नजरेला ती सरळ चोरी वाटावी.

प्रकरण

एका कारखान्यातील वरिष्ठ भांडार सहायक 11 मार्च 2025 रोजी सायंकाळी 6 वाजता कामाची वेळ संपल्यानंतर पुन्हा भांडारात आले. त्यांनी किल्ली घेतली, मागच्या दाराने दोन खोकी बाहेर आणली आणि स्वतःच्या मोटारीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी केली असता बेअरिंगचे दोन बॉक्स कमी भरले. विभागप्रमुखांनी त्याच दिवशी मनुष्यबळ विभागाला एका ओळीचे पत्र पाठवले : ‘सदर कर्मचाऱ्याने बेअरिंगचे दोन बॉक्स चोरले असून सीसीटीव्हीत ते स्पष्ट दिसत आहे, तरी तात्काळ कारवाई करावी.’

हे वाक्य जसेच्या तसे नोटिशीत उतरवण्याचा मोह होतो. तसे का करू नये, हे त्यातील विधानांची एकेक करून तपासणी केल्यावर कळते.

पहिली पायरी : दिसले काय आणि आपण मानले काय

नोटीस लिहायला बसण्यापूर्वी कागदाचे दोन भाग करावेत. डाव्या बाजूला केवळ तेच लिहावे, जे कोणीतरी प्रत्यक्ष पाहिले आहे किंवा ज्याची नोंद कोणत्यातरी कागदावर वा यंत्रात आहे, आणि प्रत्येक ओळीपुढे तो साक्षीदार किंवा ती नोंद लिहावी. उजव्या बाजूला त्यावरून आपण काढलेले अनुमान लिहावे. नोटिशीतील वस्तुस्थितीचा परिच्छेद पूर्णपणे डाव्या बाजूतून यावा, उजव्या बाजूतले शब्द तेथे शिरू देऊ नयेत.

आपल्या प्रकरणात चित्रीकरण पुन्हा पाहिले असता त्यात कर्मचारी दोन बंद खोकी उचलून नेताना दिसतात, खोक्यांत काय आहे ते दिसत नाही. खोक्यांवरचे लेबलही वाचता येत नाही. म्हणजे ‘बेअरिंगचे दोन बॉक्स चोरले हे सीसीटीव्हीत स्पष्ट दिसते’ हे विधान खरे नाही. स्पष्ट दिसते ते एवढेच की दोन बंद खोकी मागच्या दारातून मोटारीत गेली.

वेळेचीही खात्री करावी लागते. चित्रीकरणावर 7.46 अशी वेळ उमटलेली आहे, परंतु किल्ली नोंदवहीत किल्ली 7.35 ला घेतली व 7.50 ला परत केली असे लिहिलेले असून ती वही द्वाराजवळच्या घड्याळाप्रमाणे भरली जाते. 13 मार्चला कॅमेऱ्याचे घड्याळ तपासले तेव्हा ते 4 मिनिटे पुढे असल्याचे आढळले. एवढ्याशा फरकाने प्रकरणाचे स्वरूप बदलत नाही, तरीही नोटिशीत 7.46 लिहिले आणि सुरक्षा रक्षकाच्या जबाबात 7.42 आले, तर कर्मचारी पहिल्याच ओळीत ‘आरोपातच विसंगती आहे’ असे लिहील, आणि ते बरोबर असेल. म्हणून दोन्ही वेळा लिहून फरकाचे कारण नोटिशीतच सांगावे.

आता तुटीकडे वळू, कारण सगळ्यात मोठी गफलत येथेच होते. ‘नोंदीप्रमाणे 14 बॉक्स हवे होते, 12 सापडले’ असे विभागप्रमुख सांगतात. हा 14 चा आकडा आला कोठून? शेवटची प्रत्यक्ष मोजणी 28 फेब्रुवारीला झाली होती व तेव्हा 20 बॉक्स होते. त्यानंतर 11 मार्चपर्यंत सहा बॉक्स मागणी चिठ्ठीवर उत्पादन विभागाला दिले गेले. 20 मधून 6 वजा केले की 14 उरतात. हिशेब बरोबर आहे, पण त्याचा खरा अर्थ एवढाच की 28 फेब्रुवारी ते 12 मार्चची सकाळ या काळात केव्हातरी दोन बॉक्स कमी झाले. किल्ली नोंदवही चाळली असता याच काळात आणखी दोन कर्मचाऱ्यांनी किल्ली घेतलेली दिसते. म्हणजे तूट 11 मार्चच्या सायंकाळीच झाली असे आज कोणीही सांगू शकत नाही.

या तपासणीमुळे प्रकरण कमकुवत झाले असे वरिष्ठांना वाटते, आणि तसे ते बोलूनही दाखवतात. माझ्या मते येथे मसुदा करणाऱ्याने ठाम राहावे. चिठ्ठ्या आणि नोंदवही आज आपण पाहिल्या नाहीत, तर उद्या कर्मचाऱ्याचा प्रतिनिधी चौकशीत त्या मागवणारच आहे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एखाद्या माणसावर चोरीचा शब्द लिहून तो कागद त्याच्या सेवापुस्तकात ठेवणे ही फार मोठी गोष्ट आहे. तो शब्द पुराव्याच्या पुढे धावता कामा नये.

दुसरी पायरी : जबाब आणि कागद सुरक्षित करणे

हे काम नोटीस देण्याआधी उरकावे. चित्रीकरण बऱ्याच यंत्रणांत ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून संबंधित भागाची प्रत त्याच दिवशी काढून, ती कोणी व केव्हा काढली याची सही घेतलेली नोंद ठेवावी. सुरक्षा रक्षकाचा जबाब त्याच्याच शब्दांत, त्याला समजणाऱ्या भाषेत घ्यावा आणि त्यावर तारीख व सही घ्यावी. ‘मी गाडी थांबवली नाही, कारण त्यांच्याकडे गाडीचा पास होता’ हे त्याचे वाक्य व्यवस्थापनाला गैरसोयीचे असले तरी तसेच राहू द्यावे. जबाब सुधारून देण्याची सवय एकदा लागली की साऱ्या प्रकरणाची विश्वासार्हता जाते.

तिसरी पायरी : आरोप कोणत्या नियमाखाली येतो

संस्थेला लागू असलेले स्थायी आदेश, सेवानियम किंवा नेमणूक पत्रातील अटी उघडून संबंधित कलमाचे शब्द वाचावेत. आदर्श स्थायी आदेशांत मालकाच्या व्यवसायासंबंधी किंवा मालमत्तेसंबंधी चोरी, फसवणूक वा अप्रामाणिकपणा हे गैरवर्तन म्हणून नमूद आहे, आणि बहुतेक संस्थांच्या नियमांत त्याच धर्तीचे शब्द असतात. कलमाचा क्रमांक आठवणीवर विसंबून लिहू नये, आपल्या संस्थेच्या प्रमाणित प्रतीवरूनच घ्यावा.

येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. चोरीचा निष्कर्ष काढायचा नाही हे मान्य. मग नोटिशीत गंभीर कलमाचा उल्लेखच टाळावा का? टाळू नये. केवळ ‘आपण कामाच्या वेळेनंतर भांडारात गेलात, खुलासा करावा’ असे सौम्य विचारायचे, आणि उत्तर आल्यावर अप्रामाणिकपणाबद्दल नोकरीवरून काढायचे, हा कर्मचाऱ्याशी केलेला छुपा अन्याय आहे. आपल्यावर नेमके कोणते संकट येऊ शकते हे माहीत असल्याशिवाय माणूस नीट उत्तर देऊ शकत नाही. म्हणून वस्तुस्थिती संयमाने मांडावी, आणि ती खुलाशाविना तशीच राहिली तर कोणत्या कलमाखालील गैरवर्तन ठरू शकते व ते किती गंभीर मानले जाते, हे स्वच्छ सांगावे. ‘प्रथमदर्शनी’ आणि ‘सिद्ध झाल्यास’ हे दोन शब्दप्रयोग येथे शोभेसाठी नसतात, ते खऱ्या अर्थाने पाळायचे असतात.

कर्मचाऱ्याची पूर्वीची शिक्षा किंवा ताकीद शिक्षेचे प्रमाण ठरवताना विचारात घेतली जाणार असेल, तर तीही त्याला आधी कळवावी लागते. मात्र या घटनेची वस्तुस्थिती सांगताना ‘आपण यापूर्वीही असेच केले होते’ असे वाक्य घालू नये, कारण त्याने घटना सिद्ध होत नाही, फक्त वाचणाऱ्याचे मन कलुषित होते.

चौथी पायरी : आरोपांची वाक्ये

प्रत्येक आरोपात एकच घटना असावी, आणि ते वाक्य वाचून कर्मचाऱ्याला ‘होय, कारण असे’ किंवा ‘नाही, कारण तसे’ असे उत्तर देता यावे. याच कसोटीवर वाक्य तपासावे. ‘आपली वर्तणूक संशयास्पद असून आपण संस्थेचा विश्वासघात केला आहे’ या वाक्याला काय उत्तर देणार? कोणत्या दिवशी, कोठे, कोणत्या कृतीने, हे काहीच त्यात नाही. सुरथचंद्र चक्रवर्ती यांच्या 1970 मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच कारणासाठी कारवाई रद्दबातल ठरवली होती : आरोप मोघम होते आणि कोणत्या घटनांवर ते आधारले आहेत याचे निवेदन कर्मचाऱ्याला दिलेच नव्हते.

विशेषणे आणि क्रियाविशेषणे ही मोघमपणाइतकीच घातक असतात. ‘जाणूनबुजून’, ‘निर्लज्जपणे’, ‘संगनमताने’, ‘नेहमीप्रमाणे’ यांपैकी प्रत्येक शब्द स्वतंत्र आरोप असतो व त्याला स्वतंत्र पुरावा लागतो. मसुदा झाल्यावर असे शब्द शोधून काढून टाकावेत आणि वाक्याचे काही बिघडले का ते पाहावे. बहुतेक वेळा ते अधिक भक्कम झालेले असते.

विभागप्रमुखांच्या पत्रातील वाक्य आता असे बदलते. मूळ वाक्य ‘कर्मचाऱ्याने दोन बॉक्स चोरले’ असे होते. त्याऐवजी नोटिशीत येते : ‘आपण दोन बंद खोकी भांडाराच्या मागील दाराने बाहेर आणून आपल्या मोटारीत ठेवल्याचे चित्रीकरणात दिसते. या खोक्यांसाठी गेट पास दिल्याची नोंद आढळलेली नाही.’ दुसरे वाक्यही काळजीपूर्वक वाचावे. ‘गेट पास नव्हता’ असे त्यात म्हटलेले नाही, ‘नोंद आढळलेली नाही’ असे म्हटले आहे, कारण आपण शोध घेतला तो नोंदीचा.

पाचवी पायरी : उत्तरासाठी मुदत

गंभीर गैरवर्तनाच्या नोटिशीला 24 तासांत उत्तर मागणे म्हणजे उत्तर नको आहे असे सांगणे होय. कर्मचाऱ्याला नोटीस समजून घ्यायची असते, कागदपत्रे पाहायची असतात, संघटनेच्या पदाधिकाऱ्याचा किंवा जाणत्या माणसाचा सल्ला घ्यायचा असतो, आणि मग लिहायचे असते. संस्थेच्या नियमांत मुदत ठरवून दिलेली असेल तर तीच पाळावी. नसेल तर अशा प्रकरणात नोटीस मिळाल्यापासून सात दिवस ही सर्वसाधारणपणे वाजवी मुदत ठरते, आणि कागदपत्रे पुष्कळ असतील किंवा घटना जुन्या असतील तर ती वाढवावी.

मुदत नोटिशीवरील तारखेपासून मोजू नये, नोटीस हाती पडल्याच्या दिवसापासून मोजावी. हाती दिली जाणार असेल तर शेवटची तारीख व वेळ थेट लिहावी, टपालाने जाणार असेल तर ‘मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत’ असे लिहून पोचीवरून तारीख धरावी. मुदतवाढ मागायची असल्यास ती कोणाकडे आणि केव्हापर्यंत मागावी, हेही त्याच परिच्छेदात यावे. पहिली मुदतवाढ कारण पटण्यासारखे असेल तर द्यावी. तीन दिवस वाचवण्यासाठी ती नाकारून पुढे महिनोन्महिने वाद ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

ज्या कागदांचा नोटिशीत आधार घेतला आहे, त्यांच्या प्रती सोबत द्याव्यात. चित्रीकरणाची प्रत देणे शक्य नसेल तर ते पाहण्याचे दिवस, वेळ व जागा लिहावी आणि ते दिवस उत्तराच्या मुदतीच्या सुरुवातीला ठेवावेत. शेवटच्या दिवशी चित्रीकरण दाखवून त्याच दिवशी उत्तर मागितल्याची प्रकरणे घडतात, आणि मुदत फक्त कागदावर दिली असा त्याचा अर्थ होतो.

मसुदा

वरील सर्व पायऱ्यांनंतर आपल्या प्रकरणाची नोटीस पुढीलप्रमाणे होते. संस्थेचे शीर्षपत्र, जावक क्रमांक, ‘गोपनीय’ हा शेरा आणि कर्मचाऱ्याचे नाव, पद, कर्मचारी क्रमांक व पत्ता हे वर येईल असे गृहीत धरले आहे.

> दिनांक : 17 मार्च 2025
>
> विषय : दिनांक 11 मार्च 2025 रोजीच्या घटनेबाबत कारणे दाखवा नोटीस.
>
> महोदय,
>
> आपण या संस्थेत वरिष्ठ भांडार सहायक या पदावर कार्यरत आहात. दिनांक 11 मार्च 2025 रोजी आपल्या कामाची वेळ सकाळी 9 ते सायंकाळी 6 अशी होती. त्या दिवसाबाबत खालील बाबी नोंदींवरून निदर्शनास आल्या आहेत.
>
> 1. किल्ली नोंदवहीनुसार आपण सायंकाळी 7.35 वाजता भांडाराची किल्ली घेतली व 7.50 वाजता परत केली. कामाच्या वेळेनंतर भांडार उघडण्यासाठी लागणारी लेखी परवानगी अभिलेखात आढळलेली नाही. (परिशिष्ट 1)
>
> 2. भांडाराच्या मागील दारावरील कॅमेऱ्याच्या चित्रीकरणात आपण दोन बंद खोकी बाहेर आणून आपल्या मोटारीत ठेवताना दिसता. चित्रीकरणावर 7.46 अशी वेळ आहे. दिनांक 13 मार्च रोजीच्या तपासणीत कॅमेऱ्याचे घड्याळ 4 मिनिटे पुढे असल्याचे आढळल्याने प्रत्यक्ष वेळ सुमारे 7.42 असावी. या खोक्यांसाठी गेट पास दिल्याची नोंद आढळलेली नाही. (परिशिष्ट 2 व 3)
>
> 3. दिनांक 28 फेब्रुवारी 2025 रोजीच्या मोजणीत बेअरिंगचे 20 बॉक्स होते. त्यानंतर मागणी चिठ्ठ्यांनुसार 6 बॉक्स देण्यात आले. दिनांक 12 मार्च रोजी सकाळी 14 ऐवजी 12 बॉक्स आढळले. या तुटीचा वरील दोन खोक्यांशी संबंध आहे किंवा नाही, याबाबत संस्थेने कोणताही निष्कर्ष काढलेला नाही. (परिशिष्ट 4)
>
> वरील बाबींचा समाधानकारक खुलासा न झाल्यास व त्या रीतसर चौकशीत सिद्ध झाल्यास, परवानगीशिवाय भांडार उघडणे, गेट पासशिवाय वस्तू बाहेर नेणे आणि संस्थेच्या मालमत्तेसंबंधी अप्रामाणिकपणा या स्वरूपाचे, संस्थेच्या स्थायी आदेशांतील कलम … अन्वये गंभीर गैरवर्तन ठरू शकते, ज्यासाठी बडतर्फीपर्यंतची शिक्षा विहित आहे.
>
> तरी आपल्यावर शिस्तभंगाची कार्यवाही का सुरू करण्यात येऊ नये, याबाबतचे लेखी म्हणणे आपण दिनांक 24 मार्च 2025 रोजी सायंकाळी 5 वाजेपर्यंत अधोस्वाक्षरीकर्त्याकडे सादर करावे. आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ कागदपत्रे जोडता येतील व साक्षीदारांची नावे कळवता येतील. चित्रीकरण दिनांक 18 ते 20 मार्च या काळात दुपारी 3 ते 5 या वेळेत मनुष्यबळ विभागात पाहता येईल. मुदतवाढ हवी असल्यास कारणासह 22 मार्चपूर्वी लेखी कळवावे.
>
> मुदतीत उत्तर न आल्यास आपल्याला काही सांगावयाचे नाही असे समजून उपलब्ध नोंदींच्या आधारे चौकशी सुरू करावी किंवा कसे, याचा निर्णय घेण्यात येईल. ही नोटीस म्हणजे आपल्याविरुद्धचा निष्कर्ष नाही.
>
> सोबत : परिशिष्ट 1 ते 4
>
> (स्वाक्षरी, नाव व पद)

या मसुद्यातील तिसऱ्या बाबीचे शेवटचे वाक्य अनेक वरिष्ठ खोडायला सांगतात. ते राहावे असा माझा आग्रह आहे, कारण संस्थेला आज जे माहीत आहे त्याचे ते अचूक वर्णन आहे आणि कर्मचाऱ्यालाही मोकळेपणाने उत्तर देण्याचे धैर्य त्यातून मिळते. तसेच मुदतीत उत्तर न आल्याचा परिणाम ‘आरोप मान्य आहेत असे समजण्यात येईल’ असा लिहिला नाही, हेही लक्षात घ्यावे. मौन म्हणजे कबुली नव्हे; उत्तर आले नाही तरी बडतर्फीसारख्या शिक्षेपूर्वी चौकशी करावीच लागते.

सही कोणाची आणि नोटीस कशी द्यावी

संस्थेच्या नियमांनी ज्या अधिकाऱ्याला शिस्तभंगाचा अधिकार दिला आहे, त्यानेच नोटिशीवर सही करावी. आपल्या प्रकरणात विभागप्रमुख हे तक्रारदार आणि संभाव्य साक्षीदार आहेत, त्यामुळे नोटीस त्यांच्या सहीने निघू नये, चौकशीही त्यांच्याकडे जाऊ नये.

नोटीस बंद पाकिटात, सहकाऱ्यांसमोर नव्हे तर वेगळ्या खोलीत द्यावी आणि दुय्यम प्रतीवर तारीख व वेळेसह पोच घ्यावी. कर्मचारी मराठी वाचत नसेल तर त्याला समजणाऱ्या भाषेतील प्रत जोडावी. त्याने घेण्यास नकार दिला तर हुज्जत न घालता हजर असलेल्या दोघांच्या सहीने तशी नोंद करावी आणि त्याच दिवशी नोटीस नोंदीतील पत्त्यावर पोच मिळेल अशा टपालाने पाठवावी. मुदत मग टपालाची पोच मिळाल्यापासून धरावी. नोटीस सूचना फलकावर किंवा कार्यालयाच्या सामाईक गटात टाकू नये.

कर्मचाऱ्याला कामावरून दूर ठेवणे खरोखरच गरजेचे असेल, उदाहरणार्थ पुरावा त्याच्याच ताब्यातील भांडारात असेल, तर निलंबनाचा आदेश वेगळ्या पत्राने काढावा. त्यात निर्वाह भत्त्याचा उल्लेख हवा. औद्योगिक संबंध संहितेनुसार निलंबित कामगाराला पहिले 90 दिवस वेतनाच्या 50 टक्के, आणि त्यानंतर विलंब त्याच्यामुळे झालेला नसेल तर 75 टक्के भत्ता मिळतो. बदली किंवा भांडाराऐवजी दुसरे काम देऊन भागत असेल तर निलंबन टाळणे बरे.

लैंगिक छळाची तक्रार मात्र या मार्गाने हाताळू नये. तिच्यासाठी 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीची स्वतंत्र कार्यपद्धती आहे, आणि तक्रार थेट समितीकडे द्यावी लागते.

उत्तर आल्यावर

समजा, कर्मचाऱ्याने 22 मार्चला उत्तर दिले : खोकी रिकामी होती, पुरवठादाराला परत द्यायची होती, तसे विभागप्रमुखांनी फोनवर सांगितले होते, आणि बॉक्सच्या तुटीबद्दल आपल्याला माहिती नाही. उत्तर वाचताच ‘बनाव आहे’ असा शेरा मारू नये. त्यातील प्रत्येक विधान पडताळता येण्याजोगे आहे. पुरवठादाराकडे विचारणा करता येते की खोकी पोचली का आणि केव्हा. विभागप्रमुखांचे लेखी म्हणणे घेता येते. किल्ली घेतलेल्या इतर दोघांना तुटीबद्दल विचारता येते. ही पडताळणी कोणी केली, काय आढळले, याची तारखेसह नोंद करावी.

पडताळणीनंतर तीनपैकी एक निर्णय होतो. खुलासा पटला, तर तसे लेखी कळवून नोटीस मागे घ्यावी. काही भाग पटला, समजा खोकी रिकामी असल्याचे ठरले पण परवानगी व गेट पास न घेतल्याचे कर्मचाऱ्याने मान्य केले, तर तेवढ्यापुरतीच ताकीद वा तत्सम सौम्य कारवाई नियमांप्रमाणे करावी, आणि आदेशात अप्रामाणिकपणाचा आरोप राहिलेला नाही हे शब्दांत लिहावे. खुलासा पटला नाही आणि गंभीर शिक्षेची शक्यता असेल, तर का पटला नाही याची कारणे नोंदवून आरोपपत्र द्यावे आणि प्रकरणाशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्याकडे चौकशी सोपवावी. आरोपपत्रात नवा आरोप घालायचा असेल, तर त्यावरही कर्मचाऱ्याला पुन्हा म्हणणे मांडू द्यावे लागते.

नोटीस मागे घेतल्याचे पत्र बऱ्याच संस्थांत निघतच नाही. प्रकरण थंड झाले, सगळे विसरले, आणि फाईल तशीच राहिली. मग दोन वर्षांनी पदोन्नतीच्या वेळी कोणीतरी सेवापुस्तक उघडते आणि त्यात फक्त नोटीस सापडते, तिचा शेवट सापडत नाही. म्हणून ज्या दिवशी निर्णय होईल त्याच दिवशी ते पत्र काढावे, कर्मचाऱ्याची पोच घ्यावी आणि सेवापुस्तकात ते नोटिशीच्या प्रतीलाच जोडून ठेवावे.